‘सगळं धरून ३८ होईल’: प्लंबरच्या मेसेजचं लेखी एस्टिमेट कसं करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं पुण्यात सॅनिटरीच्या मालाचं छोटं दुकान आहे. काउंटरवर सकाळी प्लंबर येतात, संध्याकाळी त्यांची गिऱ्हाइकं येतात, आणि भांडण झालं की दोघंही एकदम येतात. अशा बऱ्याच भांडणांच्या मुळाशी व्हॉट्सॲपवरचा दोन ओळींचा मेसेज असतो. म्हणून हल्ली ओळखीचे प्लंबर काम घेण्याआधी आमच्याकडे बसून एस्टिमेट लिहून नेतात. खालचे प्रश्न त्या बैठकांमधलेच आहेत. उदाहरण मी एकच घेतलंय, म्हणजे आकडे शेवटपर्यंत जुळवून बघता येतील. त्यातले दर त्या एका कामाचे आहेत, ते बाजारभाव म्हणून वापरू नका.

काम असं होतं: तीसेक वर्षं जुनी इमारत, दुसरा मजला, चार बाय सात फुटांचं बाथरूम. भिंतीतली जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाईपची लाईन आतून गंजून बुजत आलेली. बादली भरायला दहा मिनिटं लागायची, आणि सकाळचं पहिलं पाणी चहासारखं यायचं. प्लंबरने येऊन पाहिलं आणि रात्री मेसेज टाकला:

“काकू बाथरूमचं बघितलं. पूर्ण लाईन नवीन टाकावी लागेल. मटेरियल फिटिंग लेबर सगळं धरून ३८ होईल. टाईल्सवाला वेगळा. अर्धे आधी द्या सोमवारी चालू करतो 🙏”

काकूंचं उत्तर: “ठीक आहे. नळ चांगल्या कंपनीचे लावा.”

आकडा दिलाय, टाईल्स वेगळ्या हेही सांगितलंय. मग अजून काय हवं?

आकडा आहे, पण तो कशाचा आहे ते नाही. या मेसेजमधले तीन शब्द दोघांनी दोन वेगळ्या अर्थांनी वाचले: ‘पूर्ण’, ‘फिटिंग’ आणि ‘लेबर’. प्लंबर फसवत नव्हता आणि काकूही अडवणूक करत नव्हत्या. प्लंबरच्या डोक्यात एक हिशेब होता, काकूंच्या डोक्यात दुसरा, आणि ३८ हजार हा आकडा दोन्हींवर बसत होता.

एस्टिमेट लिहिणं म्हणजे टाईप करून वर लेटरहेड चिकटवणं, असा अनेकांचा समज असतो. लेटरहेड नसलं तरी चालतं. मेसेजमधला प्रत्येक शब्द धरून “म्हणजे काय?” विचारायचं आणि जे उत्तर येईल ते लिहायचं, एवढंच काम. काकूंच्या प्लंबरसोबत मला त्याला पाऊण तास लागला, त्यातली दहा मिनिटं चहात गेली.

‘पूर्ण लाईन’ म्हणजे कुठून कुठपर्यंत?

पहिला वाद इथेच होतो, म्हणून आधी दोन टोकं ठरवायची. पाणी बाथरूममध्ये कुठून शिरतं आणि प्लंबरचं काम कुठे संपतं?

आपल्याकडच्या जुन्या इमारतींत गच्चीवरच्या टाकीतून डक्टमधून उभी लाईन खाली येते आणि प्रत्येक मजल्यावर तिला फाटा असतो. उभी लाईन सोसायटीची, फाट्यापासून आतली आपली. काकूंना वाटलं, पूर्ण म्हणजे डक्टमधलासुद्धा गंजका पाईप बदलणार. प्लंबरच्या मते पूर्ण म्हणजे बाथरूमच्या आतली. म्हणून पहिलं वाक्य असं लिहिलं: “डक्टमधील फाट्यानंतरच्या पहिल्या व्हॉल्वपासून बाथरूममधील सर्व नळांपर्यंत थंड व गरम पाण्याची नवीन लाईन.” हा फाटा जोडताना टाकीचा व्हॉल्व बंद करावा लागतो आणि त्या लाईनवरच्या सगळ्या घरांचं पाणी जातं. म्हणून सोसायटीची परवानगी कोण काढणार, तेही तिथेच लिहिलं. ती मालकाने काढायची. प्लंबर सेक्रेटरींकडे गेला तर ते त्याला गेटवरूनच परत पाठवतात.

दुसरं टोक सांडपाण्याचं. प्लंबर ‘लाईन’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर येणारं पाणी असतं. काकू नहाणी ट्रॅप आणि खालची लाईनही त्यातच धरून बसल्या होत्या. ट्रॅप काढायचा तर फरशी फोडावी लागते. फरशी फोडली की खालचं वॉटरप्रूफिंग तुटतं, आणि ते नीट केलं नाही तर पहिल्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल येते. हे काम वेगळं, माणसं वेगळी, खर्चही वेगळा. म्हणून लिहिलं: “नहाणी ट्रॅप, ड्रेनेज लाईन, फरशी व वॉटरप्रूफिंग यांना हात लावला जाणार नाही.”

जे काम करणार नाही ते लिहायला प्लंबर नाखूश असतात. गिऱ्हाईक बिचकेल असं वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. काकूंनी ही ओळ वाचली आणि म्हणाल्या, बरं झालं, मी खालच्यांना आधीच सांगितलं असतं की तुमची ओल आता जाईल म्हणून.

जुना पाईप भिंतीतून काढतात का?

बहुतेक वेळा नाही. तो काढायला सगळी भिंत खणावी लागेल. त्याला पाण्यापासून तोडतात, दोन्ही टोकांना प्लग मारतात आणि तो तिथेच राहतो. हेही एका ओळीत लिहून टाका. नाहीतर पुढे कोणीतरी भिंतीत ड्रिल मारेल, लोखंड लागेल, आणि “तुम्ही तर लाईन बदलली होती ना?” असा फोन येईल.

‘फिटिंग धरून’ असं स्पष्ट लिहिलं असताना नळांचे पैसे वेगळे का मागतात?

कारण ‘फिटिंग’ या शब्दाला आमच्या काउंटरवर दोन अर्थ आहेत. प्लंबर फिटिंग म्हणतो ते एल्बो, टी, कपलर, रिड्युसर, म्हणजे पाईप जोडायचे सुटे भाग. घरच्या माणसाला फिटिंग म्हणजे नळ, शॉवर, गरम-थंड पाणी मिसळून शॉवरला किंवा खालच्या नळाला वळवणारा डायव्हर्टर, म्हणजे डोळ्यांना दिसतं ते. तिसराही अर्थ आहे: नळ बसवायची मजुरी. “फिटिंगचे किती घेणार?” हा प्रश्न आम्ही रोज ऐकतो, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून अर्थ लावतो.

गंमत म्हणजे या प्लंबरने नळांचे पैसे खरंच धरले होते. मी विचारलं तेव्हा म्हणाला, “चौदाएक हजार धरलेत ना.” त्यात साधा डायव्हर्टर, साधा शॉवर, पाच अँगल कॉक, बेसिनचा नळ आणि हेल्थ फॉसेट बसत होतं. काकूंनी “चांगल्या कंपनीचे” म्हटलं तेव्हा त्यांच्या मनात भावाच्या घरी पाहिलेला डायव्हर्टर होता. तो एकटाच साडेनऊ हजारांचा.

म्हणून मटेरियलचे दोन भाग करायचे. एक भिंतीतलं: पाईप, जोडसाहित्य, व्हॉल्व, सोल्युशन, सिमेंट. हे प्लंबरने आणायचं, कारण माप आणि दर्जा याची जबाबदारी त्याची. दुसरं भिंतीबाहेरचं. ते मालकाने दुकानात जाऊन स्वतः निवडायचं आणि पैसेही परस्पर द्यायचे. एस्टिमेटमध्ये दुसऱ्या भागाची फक्त यादी नगांसकट द्यायची, रक्कम धरायची नाही. ‘फिटिंग’ हा शब्द आम्ही त्या कागदावर कुठेच वापरला नाही.

यात एक मेख आहे. डायव्हर्टरची बॉडी भिंतीच्या आत जाते आणि त्याचे वरचे दांडे, प्लेट शेवटी लागते. एका कंपनीच्या बॉडीवर दुसऱ्या कंपनीचा वरचा भाग सहसा बसत नाही. शिवाय बॉडी किती खोल बसवायची हे वर येणारं प्लास्टर आणि टाईल यांच्या जाडीवर ठरतं. म्हणजे काकूंना डायव्हर्टर पहिल्याच दिवशी निवडून आणावा लागणार, शेवटी नाही. “डायव्हर्टर बॉडीसह व टाईलचा एक नमुना काम सुरू होण्याआधी मालकाने द्यावा,” ही ओळ नसली की तिसऱ्या दिवशी काम थांबतं, आणि त्या दिवसाची हजेरी कोणी द्यायची यावर पुन्हा वाद.

पॉइंट कसे मोजायचे?

जिथे पाणी बाहेर येतं ते प्रत्येक तोंड म्हणजे एक पॉइंट, हा साधा नियम. अडतं ते डायव्हर्टरपाशी. त्याला गरम आत, थंड आत, वर शॉवरला आणि खाली स्पाऊटला अशी चार तोंडं असतात. कोणी त्याला एक पॉइंट धरतं, कोणी चार.

काकूंच्या बाथरूममध्ये गीझरला दोन, बेसिनला गरम-थंड मिळून दोन, कमोडच्या टाकीला एक, हेल्थ फॉसेटला एक, असे सहा पॉइंट आणि शिवाय डायव्हर्टर. पॉइंटचा दर ९०० रुपये. डायव्हर्टर एक धरला तर सात पॉइंटचे ६,३०० होतात. चार धरले तर दहाचे ९,०००. एका शब्दावर २,७०० रुपयांचा फरक. आम्ही पॉइंट सहाच ठेवले आणि डायव्हर्टर वेगळ्या ओळीत घेतला, २,२०० रुपये. आधी दोघांचीही तोंडं थोडी वाकडी झाली, पण मान्य झालं.

पॉइंटच्या दरात काय येतं तेही एकदा लिहा. या कामात पाईप टाकणं, जोडणं, तोंडाला ब्रासचा एल्बो बसवून प्लग मारणं एवढं धरलं. झिरी मारणं, म्हणजे पाईप बसवायला भिंतीत खाच पाडणं, वेगळं, आणि शेवटी नळ-कमोड-बेसिन बसवणं वेगळं. काही प्लंबर हे सगळं एकाच दरात घेतात आणि दर जास्त लावतात. दोन्ही चालतं. दोन प्लंबरांचे दर शेजारी ठेवून तुलना करताना मात्र हे बघितलं नाही तर स्वस्त वाटणारा महाग निघतो.

मटेरियलमध्ये किती बारीक जायचं? प्रत्येक एल्बो मोजायचा का?

नाही. साधे एल्बो, टी आणि कपलर एकत्र एका रकमेत घ्या. ते मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल, आणि भिंत उघडल्यावर संख्या बदलेलच. नेमकं लिहायचं ते पाईप, ब्रासचे जोड आणि व्हॉल्व.

पाईपबद्दल ‘सीपीव्हीसी’ एवढं पुरत नाही. साईज, एसडीआर, म्हणजे पाईपच्या व्यासाचं त्याच्या भिंतीच्या जाडीशी प्रमाण, आणि आयएस नंबर लिहा. गरम-थंड पाण्याच्या सीपीव्हीसी पाईपसाठी मानक आहे आयएस १५७७८, आणि घरगुती कामात एसडीआर ११ व एसडीआर १३.५ असे दोन प्रकार मिळतात. आकडा लहान तेवढी पाईपची भिंत जाड. ११ चा पाईप जास्त दाब घेतो आणि महागही असतो. फक्त “सीपीव्हीसी ब्रँडेड” असं लिहिलेलं असलं की कोणता येईल ते आणणाऱ्याच्या मर्जीवर. पाईपवर हे सगळं छापलेलं असतं, माल आला की फोनने एक फोटो काढून ठेवा.

ब्रासचे जोड वेगळे लिहायचे कारण किंमत. प्लास्टिकच्या आट्याचा एल्बो पुष्कळ स्वस्त पडतो, आणि नळ घट्ट आवळताना तोच तडकतो. जुन्या जीआयला नवीन लाईन जिथे जोडतात तिथेही ब्रासच्या आट्याचाच जोड हवा. हे गळू लागतं तेव्हा टाईल लागून गेलेली असते.

प्लंबर दुकानातून सूट घेतो आणि आम्हाला एमआरपी लावतो. हे बरोबर आहे का?

काउंटरच्या या बाजूने सांगतो: प्लंबरला सूट मिळते, हे खरं आहे. तो दुकानात चकरा मारतो, माल उचलून आणतो, चुकीचा आला तर बदलून आणतो, आणि पुष्कळदा आधी स्वतःचे पैसे घालतो. त्यात त्याला काही सुटलं तर मला ते गैर वाटत नाही. फक्त ते ठरलेलं असावं. दोन सरळ रस्ते आहेत. एक, एस्टिमेटमधला मटेरियलचा दर पक्का, त्यात त्याचं काय सुटतं ते त्याचं. दोन, बिल मालकाच्या नावावर, दुकानाच्या दराने, आणि माल आणण्याची मजुरी वेगळी. काकूंनी पहिला घेतला. एकाच कामात दोन्ही मिसळले की रोज पावत्या मागणं सुरू होतं.

उरलेला माल कोणाचा, हेही यावरच ठरतं. पक्क्या दरात पैसे दिलेत तर उरलेला पाईप मालकाचा, असं आम्ही लिहितो.

लेबर हजेरीवर द्यावं की उक्तं?

काम मोजता येत असेल तर उक्तं. पॉइंट मोजता येतात, झिरीचे फूट मोजता येतात. गळती शोधण्याचं काम मात्र उक्तं द्यायला जाऊ नका, ते हजेरीवरच बरं. गळती अर्ध्या तासातही सापडते आणि दोन दिवसही लागतात, आणि उक्त्यात प्लंबर दोन दिवसांचेच पैसे धरणार.

भिंत फोडल्यावर वेगळंच काही निघालं तर?

निघतंच. म्हणून एस्टिमेटमध्ये वाढीव कामाचे दर आधीच लिहून ठेवायचे. आमच्या कागदावर तीन होते: जादा झिरी प्रति फूट ४० रुपये, जादा पाईप प्रति नग ४२० रुपये, जादा पॉइंट ९०० रुपये. आणि खाली एक ओळ: “वाढीव काम करण्याआधी फोटोसह मेसेज, मालकाचा होकार आल्यावरच काम.”

काकूंकडे गीझरच्या बाजूला भिंतीत कॉलम निघाला. प्लास्टरखाली तो दिसत नव्हता, कटर लागल्यावर आवाज बदलला. आरसीसीत झिरी मारायची नाही, सळई उघडी पडते आणि कॉलम कमजोर होतो. लाईन वळवून न्यावी लागली, नऊ फूट जादा. फोटो आला, खाली हिशेब आला: झिरी ९ फूट, ३६० रुपये; गरम आणि थंड मिळून १८ फूट पाईप, म्हणजे दोन नग, ८४० रुपये; एकूण १,२००. काकूंनी “हो चालेल” लिहिलं. एवढ्यात मिटलं. दर आधी लिहिलेले नसते तर याच नऊ फुटांना प्लंबरने तीन हजार सांगितले असते आणि काकूंनी पाचशे.

एस्टिमेटची वैधता किती दिवसांची ठेवावी?

मटेरियलची आणि मजुरीची वेगवेगळी ठेवा. पाईप आणि ब्रासचे दर कंपन्या अधूनमधून बदलतात आणि आम्हा दुकानदारांना ते आधी कळतातच असं नाही. पंधरा दिवसांच्या पुढे मटेरियलचा दर धरून ठेवायला मी प्लंबरला सांगत नाही. मजुरी महिनाभर टिकते, दिवाळीच्या तोंडावर असेल तर तेवढीही नाही.

नुसतं “वैधता १५ दिवस” लिहिलं तर आणखी एक घोळ राहतो. पंधरा दिवसांत होकार द्यायचा, की ॲडव्हान्स द्यायचा, की काम सुरू व्हायचं? आम्ही तारीख घालून लिहितो: “अमुक तारखेपर्यंत लेखी होकार व पहिला हप्ता मिळाल्यास हे दर लागू.” मग टाईल्सवाल्यामुळे काम महिनाभर लांबलं तरी दर तेच, कारण पाईपचे पैसे घेऊन पाईप आणून ठेवलेला असतो.

भारतीय करार कायदा, १८७२ याबाबत सरळ आहे. प्रस्तावात मुदत दिली असेल तर ती संपल्यावर प्रस्ताव संपतो. दिली नसेल तर ‘वाजवी काळ’ गेल्यावर संपतो, आणि वाजवी म्हणजे किती यावर वाद घालायला दोघंही मोकळे. होकार पाठवला जाण्याआधी प्रस्ताव मागेही घेता येतो. म्हणजे काकू तीन आठवडे विचार करत बसल्या आणि प्लंबरने आकडा बदलला, तर तो शब्द फिरवतोय असं म्हणता येत नाही.

आणि वैधता म्हणजे गॅरंटी नव्हे. ती वेगळी ओळ आहे, पुढे कागदात बघा.

‘अर्धे आधी’ द्यावेत का?

अर्धे कशाचे, तर ३८ हजारांचे, म्हणजे १९ हजार. त्यात न घेतलेल्या नळांचेही अर्धे आले. मटेरियलचे पैसे आधी मागणं रास्त आहे, न केलेल्या मजुरीचे मागणं नाही. हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधा: पाईप घरात आला की मटेरियल, टेस्टिंग झालं की मजुरीचा मोठा भाग, नळ लागले की उरलेले.

टेस्टिंगचा हप्ता सर्वांत महत्त्वाचा, कारण त्यानंतर झिरी बुजते. नुसतं “टेस्टिंग करून देऊ” लिहू नका. गच्चीच्या टाकीचं पाणी लाईनमध्ये भरून ठेवणं ही अगदी हलकी परीक्षा आहे. टाकी दहा मीटर वर असेल तर दाब येतो चौरस सेंटिमीटरला जेमतेम एक किलो. कच्चा जोड तेवढा सहन करतो आणि प्रेशर पंप लावला की सुटतो. हातपंपाने दाब देऊन मीटरचा काटा मालकासमोर दाखवायचा. किती दाब आणि किती वेळ ते पाईपच्या कंपनीच्या सूचनांनुसार, आणि सोल्युशनच्या डब्यावर लिहिलेला वाळण्याचा वेळ गेल्यावरच. काटा उतरला तर जोड शोधायचा, आणि त्याचे पैसे वेगळे नाहीत.

मग तो कागद शेवटी कसा दिसला?

असा:

काम: बाथरूम १, दुसरा मजला. डक्टमधील फाट्यानंतरच्या पहिल्या व्हॉल्वपासून सर्व नळांपर्यंत थंड व गरम पाण्याची नवीन लाईन. जुना जीआय पाईप प्लग मारून भिंतीतच राहील.
यात नाही: डक्टमधील उभी लाईन, नहाणी ट्रॅप, ड्रेनेज, फरशी, वॉटरप्रूफिंग, टाईल्स, विजेचे काम.

मटेरियल (प्लंबर आणणार, दर जीएसटीसह)
सीपीव्हीसी पाईप २० मिमी, एसडीआर ११, आयएस १५७७८, ३ मीटरचे ९ नग × ४२० = ३,७८०
साधे एल्बो, टी, कपलर, एकत्रित = १,५७०
ब्रास आट्याचे जोड १२ नग × १४० = १,६८०
व्हॉल्व २ नग × ६५० = १,३००
सोल्युशन, टेप, क्लॅम्प = ४००
झिरी बुजवायला सिमेंट-वाळू = ७००
एकूण ९,४३०

मजुरी (उक्ती)
जुनी लाईन तोडणे व प्लग = १,५००
झिरी मारणे व बुजवणे ५५ फूट × ४० = २,२००
पॉइंट ६ × ९०० = ५,४००
डायव्हर्टर = २,२००
कमोड, बेसिन, गीझर, नळ बसवणे = २,४००
राडारोडा पोत्यात भरून खाली नेणे (पुढे उचलणे मालकाकडे) = ९००
एकूण १४,६००

एकूण २४,०३०, ठरलेली रक्कम २४,०००
मालक आणणार: डायव्हर्टर बॉडीसह, शॉवर, स्पाऊट, अँगल कॉक ५, बेसिनचा नळ, हेल्थ फॉसेट, कनेक्शन पाईप.
हप्ते: पाईप आल्यावर ९,४००, दाबाची टेस्ट मालकासमोर झाल्यावर ८,०००, नळ बसवून चालू झाल्यावर ६,६००.
वाढीव दर: झिरी ४०/फूट, पाईप ४२०/नग, पॉइंट ९००. आधी फोटो व होकार.
गॅरंटी: भिंतीतील जोडांच्या गळतीसाठी १ वर्ष, मजुरी व जोडसाहित्य मोफत, टाईल फोडून पुन्हा लावण्याचा खर्च मालकाचा. नळांची गॅरंटी कंपनीची.
वैधता: मटेरियल १५ दिवस, मजुरी ३० दिवस (दोन्हींच्या तारखा घालून). तोपर्यंत लेखी होकार व पहिला हप्ता.

यात नळांचे चौदा हजार मिळवले की ३८,०३० होतात. म्हणजे प्लंबरचा अंदाज तीस रुपयांनी चुकला होता. हिशेब त्याच्या डोक्यात पक्का होता, मेसेजमध्ये उतरला नव्हता.

गॅरंटीतला टाईलचा खर्च काकूंना पटला नव्हता. मलाही पूर्ण पटत नाही, पण २४ हजारांच्या कामात प्लंबर ती जोखीम घेणार नाही, आणि घेतो म्हणून सांगणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही.

आमचा प्लंबर लिहायला तयारच नाही. काय करायचं?

त्याला लिहायला लावू नका, तुम्ही लिहा. तो समोर असताना एकेक गोष्ट विचारा आणि रात्री मेसेज करा: “दादा, आज बोललो ते असं: … यात काही चुकलं असेल तर सांगा, नाहीतर ‘बरोबर’ लिहा.” बरेच जण व्हॉइस नोट पाठवतात, तेही चालेल. तिच्याखाली तुम्ही समजलेलं टाईप करून पुन्हा ‘बरोबर’ मागा. “एस्टिमेट द्या” म्हटलं की प्लंबर बिल, टॅक्स, ऑफिस या दिशेला जातो. “विसरायला नको म्हणून लिहून ठेवते” म्हटलं की तोच एल्बोसुद्धा आठवून सांगतो.

व्हॉट्सॲपवरच्या होकाराला कायद्यात किंमत आहे का? स्टॅम्पपेपर हवा का?

अशा कामाला स्टॅम्पपेपर लागत नाही. तोंडी करारही करारच असतो, आणि मेसेजवर झाला म्हणून तो रद्द ठरत नाही. अडचण वेगळी आहे: करार कायद्याचं कलम २९ म्हणतं की ज्याचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो करार निरर्थक. “सगळं धरून ३८” हे त्या काठावर बसतं. शिवाय होकार बिनशर्त लागतो. काकूंचं “ठीक आहे. नळ चांगल्या कंपनीचे लावा.” म्हणजे होकार की नवी अट, यावर दोन वकील दोन मतं देतील.

प्लंबरने जीएसटी लावला तर द्यायचा का?

त्याचा जीएसटी नंबर असेल आणि तो बिलावर असेल तर द्यायचा. महाराष्ट्रात निव्वळ सेवा देणाऱ्याला वर्षाच्या २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे एकट्याने काम करणाऱ्या बहुतेक प्लंबरांची ती नसते. नोंदणी नसेल तर मजुरीवर जीएसटी लावता येत नाही. दुकानातल्या मालावर तो लागलेला असतोच, म्हणून वर “दर जीएसटीसह” लिहिलंय.

काकूंचं काम शेवटी कितीला पडलं?

प्लंबरचे २४,०००. कॉलममुळे वाढलेले १,२००. नळांचे १७,८५०, कारण डायव्हर्टर भावाच्या घरचाच घेतला. एकूण ४३,०५०. टेस्टिंगच्या दिवशी काटा एकदा उतरला, बेसिनच्या गरम तोंडाचा प्लग ढिला होता. तो आवळून पुन्हा दाब दिला. शेवटी अर्धा पाईप उरला, तो काकूंनी मागून घेतला आणि माळ्यावर ठेवला.